तीन कोटींची बोट

पनवेलच्या कोर्टासमोर एका जिन्याखाली माझं दुकान होतं. पाटीवर लिहिलेलं, 'टायपिंग, झेरॉक्स, मराठी-इंग्रजी भाषांतर'. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि माझ्या डोक्यावर खडखडणारा पंखा. टायपिंगचा क्लास बंद पडला तेव्हा मी भाषांतराकडे वळले. परदेशी निघालेल्यांचे जन्मदाखले, सातबारे, पतपेढ्यांची खातेपत्रकं, सगळं माझ्याकडे यायचं. उरणपासून पेणपर्यंतची माणसं यायची. फुशारकी मारत नाही, पण 'बाईंचा शिक्का असला की कागद परत येत नाही' असं वकील लोक बोलायचे.

आणि मग समोरच, रस्त्याच्या पलीकडे, काचेचं दार असलेलं ऑफिस उघडलं. एसी, सोफा, पाणी द्यायला ग्लास, भिंतीवर जगाचा नकाशा. उघडलं कोणी? माझ्याच विद्यार्थिनीनं.

माझ्याच हाताखाली सात वर्षं काढलेली पोरगी. आली तेव्हा तिला 'affidavit' चं स्पेलिंग येत नव्हतं. मी शिकवलं. लाख-कोटीचं इंग्रजी करायला मी शिकवलं. ते काम वाटतं तितकं सोपं नाही बरं का. आपल्याकडे उजवीकडून तीन आकडे सोडून पहिला स्वल्पविराम, मग दोन-दोनवर. साहेबाकडे सरळ तीन-तीनवर. आपल्या एका लाखाला त्यांच्याकडे शब्दच नाही, ते 'वन हंड्रेड थाउजंड' म्हणतात. आपले दहा लाख म्हणजे त्यांचं एक मिलियन आणि आपला एक कोटी म्हणजे दहा मिलियन. नवखा माणूस इथंच आपटतो. लाख बघितला की मिलियन लिहून मोकळा होतो, आणि कोटीला काय लिहावं म्हणून डोकं खाजवत बसतो. मी तिला एकच नियम घालून दिला होता. आधी रक्कम पूर्ण रुपयात लिहायची, सगळे स्वल्पविराम पुसायचे, मग उजवीकडून तीन-तीनवर नवे द्यायचे, आणि मगच तोंडानं मोठ्यानं वाचायचं. डोक्यात करायचं नाही. डोकं लबाड असतं.

एवढं सगळं घेतलं आणि एक दिवस पेढे घेऊन आली. "मॅडम, मी स्वतःचं सुरू करतेय. तुमचा आशीर्वाद पाहिजे." आशीर्वाद दिला की. तोंडानं दिला. पेढाही खाल्ला. रात्री नवऱ्याला म्हटलं, "समोर! अख्खं पनवेल पडलंय, खारघर पडलंय, आणि हिला माझ्या समोरचाच गाळा सापडला?" तो म्हणाला, "कोर्ट समोर आहे, म्हणून गाळा समोर आहे. तुझ्या पोटात का दुखतंय?" त्या दिवशी त्याला आमटी अळणीच मिळाली.

दुखत होतं, हे खरं. खोटं कशाला बोलू? ती माझ्यासमोर काच उघडून गिऱ्हाईक आत घ्यायची आणि माझा पंखा खडखडत राहायचा. विमानतळ येणार, येणार म्हणून त्या वर्षांत जमिनींचे भाव आभाळाला भिडलेले. खारघरचे बिल्डर गल्फमधल्या गिऱ्हाइकांना फ्लॅटचे दर इंग्रजीत पाठवायचे. आपला एक कोटी वीस लाखांचा फ्लॅट तिकडे 'ट्वेल्व्ह मिलियन' व्हायचा. ती सगळी दरपत्रकं हिच्याकडे. पानाच्या डोक्यावर 'रक्कम मिलियनमध्ये' छापून ठेवलेला तिचा साचा होता, त्यात नुसते आकडे भरायचे. मी एकदा झेरॉक्सवाल्याकडे तिचं एक पान पाहिलं. कोपऱ्यात नक्षी, रेघा सरळ, अक्षर सुबक. माझ्या छातीत एक कळ उठली. असं पान मी कधी काढलं नव्हतं.

तरी बाकी सगळं मी सहन केलं. वकील गेले, गेले. बिल्डर माझे नव्हतेच. पण एक माणूस तिकडे गेलं आणि मी पेटले.

उरणजवळच्या करंजाहून एक कोळीण मासळी घेऊन पनवेलला यायची. आठवड्यातून दोनदा माझ्या दाराशी पाटी टेकायची. तिचे कागद मीच करायची: रेशनकार्डाचा अर्ज, लाइट बिलाची तक्रार, सोसायटीला पत्र. पैसे कधी घेतले नाहीत. ती मूठभर करंदी, कधी दोन बांगडे जास्तीचे टाकायची आणि आमचा हिशोब मिटायचा. तिची मुलगी शाळेत असल्यापासून मी बघत होते. हुशार पोर. फार्मसी करून परदेशी कॉलेजात पुढचं शिकायला निघाली होती. सगळ्या करंजात तेच बोलणं.

एक दिवस मी दुकानात बसून समोर बघतेय, तर ही कोळीण डोक्यावरची पाटी काचेच्या दाराबाहेर ठेवून आत शिरली. हातात लाल फाइल. मुलीची व्हिसाची फाइल.

मी बघतच राहिले. माझ्याकडे नाही? इतकी वर्षं मी फुकट राबले, आणि पोरीच्या आयुष्याचं काम आलं तेव्हा ही एसीत? माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! त्या आठवड्यात ती दाराशी आली तेव्हा मी म्हटलं, "आज मासळी नको. सोमवार आहे." ती म्हणाली, "बाय, आज मंगलवार हाय." मी म्हटलं, "मग मंगळवारी पण नको." ती पाटी उचलून गेली.

पुढचं सांगते. असंच एका दुपारी ती घाईघाईनं आली. पाटी नव्हती. लाल फाइल छातीशी धरलेली. तिची मुलगी खारघरला एजंटकडे बसलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला फाइल जमा करायची होती. एजंटनं शेवटच्या घटकेला सांगितलं की, पतपेढीचं खातेपत्रक जुनं आहे, आजच्या तारखेचं लागेल. पतपेढीनं काढून दिलं, पण मराठीत. आणि समोरचं ऑफिस बंद.

"ती हलदीला गेली हाय. चुलतभावाची हलद हाय तिच्या," कोळीण म्हणाली. "कर्नाल्याकडं कुठं तरी. बाय, येवढं येक पान करून द्या. लय उपकार होतील."

म्हणजे ती नाही म्हणून मी. मला वाटलं, सांगावं, जा तिकडेच, हळद उतरेपर्यंत थांब. जिभेवर आलंही होतं. पण तिच्या चेहऱ्यावर घाम होता आणि पदर खांद्यावरून घसरला होता त्याचं तिला भान नव्हतं. मी म्हटलं, "बस. दे इकडे."

पान साधं होतं. आधीची शिल्लक बारा लाख चाळीस हजार, त्यात एक लाख साठ हजारांची नवी भर, एकूण चौदा लाख. म्हणजे वन मिलियन फोर हंड्रेड थाउजंड. चहा निवायच्या आत झालं असतं. पण मी म्हटलं, "फाइल दे. आधीच्या पानांशी जुळलं पाहिजे, नाव, खातं, सगळं." हे खरंच होतं. आणि हेही खरं की मला तिचं काम बघायचं होतं. एकेक पान, सावकाश. चूक शोधायला. दुसरं काय?

जन्मदाखला बघितला, बरोबर. शाळेचे दाखले बरोबर. पतपेढीचं जुनं पत्रक, बारा लाख चाळीस हजारांचं तिनं 1,240,000 केलेलं, शब्दातही चोख. मी जो नियम दिला होता तो पाळलेला दिसत होता. खाली तिची सही, गोल शिक्का, 'हे भाषांतर माझ्या माहितीप्रमाणे खरं व अचूक आहे' असं लिहिलेलं. वाक्य माझंच, शिक्का तिचा. पान उलटताना माझे हात गरम झाले. एवढं चांगलं काम करते कार्टी! कुठं तरी एक काना, एक मात्रा तरी चुकावी की नाही!

मग मच्छीमार सोसायटीचा मिळकतीचा दाखला आला. मूळ कागद मराठीत होता. वर एका बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, 'सर्व रकमा रुपये लाखात'. खाली तीन ओळी. बोट इंजिन-जाळ्यांसकट ३१.००. घर २४.५०. सोनं ३.००. एकूण ५८.५०.

आणि तिच्या इंग्रजी पानावर, सुबक नक्षीच्या खाली, 'रक्कम मिलियनमध्ये'. बोट 31.00. घर 24.50. सोनं 3.00. एकूण 58.50. शब्दात, 'फिफ्टी-एट मिलियन फाइव्ह हंड्रेड थाउजंड'.

मी परत वाचलं. चष्मा पुसून वाचलं. बिल्डरच्या दरपत्रकाचा साचा उघडून तिनं त्यात आकडे भरले होते. आकडे तेच ठेवले, वरचा मथळा मिलियनचाच राहून गेला. अठ्ठावन्न लाख पन्नास हजारांचे झाले पाच कोटी पंच्याऐंशी लाख. दहापट! आणि अंक-अक्षर एकमेकांशी जुळत होते, म्हणून कुणाच्याच डोळ्याला खुपलं नाही. वकिलानं केलेलं प्रतिज्ञापत्र पुढंच होतं, त्यात आपल्या पद्धतीनं 58,50,000 लिहिलेलं. तिथंही अठ्ठावन्न-पन्नास, इथंही अठ्ठावन्न-पन्नास. आपली नजर म्हणते, तेच तर आहे. एजंटची नजरही तेच म्हणाली असणार. पण तिकडचा साहेब काय करणार? वकिलाच्या कागदावर बापाची मिळकत जवळपास सहा मिलियन, सोसायटीच्या कागदावर अठ्ठावन्न मिलियन.

सांगू का मला काय झालं? माझ्या मनात लाडू फुटले. देवाशप्पथ. इतक्या दिवसांत इतका आनंद झाला नव्हता. सापडली! एसीवाली सापडली! मी मनातल्या मनात कोर्टाच्या आवारात जाऊन वकिलांना सांगूनही आले. बघा, काच लावली म्हणजे अक्कल येत नाही.

कोळीण माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय झालं बाय? हसता का?"

"तुझी बोट केवढ्याची गं?" मी विचारलं.

"एकतीस लाख. इंजिन, जाली समदं धरून. का?"

"हिनं तीन कोटी दहा लाखांची लिहिलीय."

ती आधी खो-खो हसली. "अगो बाय! तीन कोटीची बोट असती त मी पाटी घेऊन फिरले असते का?" मग हसू थांबलं. माझा चेहरा बघून थांबलं असणार. "याचं काय व्हईल? पोरीचं काय व्हईल?"

आणि मला सांगावं लागलं. एक कागद एक सांगतो, दुसरा दहापट सांगतो. साहेबाला वाटेल मुद्दाम फुगवलंय. खोटे कागद जोडले असा शेरा मारला, तर आत्ताचा व्हिसा तर जाईलच, पण तो शेरा पोरीच्या नावामागं राहील. पुढं कुठल्याही देशाचा अर्ज करताना विचारतील, आधी नाकारलं होतं का, आणि का? हे सांगता सांगता लाडू माझ्या तोंडातच आंबट झाले. ती पोर चौथीत असताना माझ्या दुकानात बसून कार्बन पेपरवर चित्रं काढायची. निळी बोटं घेऊन घरी जायची.

तरी माझा स्वभाव गेला नाही. मी म्हटलं, "बघ, मी सगळी फाइल नव्यानं करते. सगळी पानं. माझा शिक्का. संध्याकाळपर्यंत होईल. तिचं काढून टाक." हे मी मदत म्हणून बोलले का? बोलले. पण तिचा गोल शिक्का त्या फाइलमधून उपटून काढायचा, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं होतं.

कोळीण एकदम ताठ झाली. "नाय. तिला बोलवा."

"अगं, ती हळदीत आहे."

"असूं दे. मी तिला पैसं दिलं हाईत. तिचं काम हाय, ती करील."

मला इतका राग आला! चूक तिनं केली, शोधली मी, आणि हिला अजून तीच पाहिजे! पण तिचा मुद्दा कायद्यानं बरोबर होता. भाषांतर करणाऱ्यानंच आपल्या सहीचं पान दुरुस्त करावं, दुसऱ्यानं त्यात हात घालू नये, हे मीच सगळ्यांना सांगत आले होते. मी फोन लावला.

मागे ढोल, बायकांची गाणी. "हॅलो मॅडम! तुम्ही? सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "सोसायटीच्या दाखल्यावर वर काय लिहिलंय, आठवतंय? 'लाखात'. आणि तुझ्या पानावर काय आहे?" पलीकडे गाणी चालू राहिली. मग ती म्हणाली, "अरे देवा. बिल्डरचा साचा." आणि लगेच, "मी निघाले."

स्कूटीवरून आली. गोवा हायवेची धूळ खात, पिवळी साडी, गालाला, कपाळाला, कानामागं हळद. काच उघडायला तिकडे गेलीच नाही, सरळ माझ्या जिन्याखाली शिरली आणि माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली. सात वर्षं चूक झाली की अशीच उभी राहायची. मी उठले आणि कॉम्प्युटर तिला दिला. तिनं हात पदराला पुसले तरी माझ्या कीबोर्डवर हळद लागली. कितीतरी महिने शून्याच्या बटणाच्या कडेला पिवळं दिसायचं.

"मॅडम, सांगा," ती म्हणाली.

मी सांगत गेले. "बोट. एकतीस लाख. पूर्ण रुपयात लिही. एकतीसवर पाच शून्यं. स्वल्पविराम पूस. उजवीकडून तीन-तीन. काय आलं?"

"थ्री मिलियन वन हंड्रेड थाउजंड."

"घर?"

"चोवीस लाख पन्नास हजार. टू मिलियन फोर हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड."

"सोनं?"

"थ्री हंड्रेड थाउजंड."

"बेरीज परत कर. मूळच्या बेरजेवर विसंबू नकोस."

"फाइव्ह मिलियन एट हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड." तिनं मोठ्यानं म्हटलं आणि एक श्वास सोडला. मग मी न सांगताच तिनं मूळचे लाखातले आकडे एका रकान्यात तसेच ठेवले, शेजारी पूर्ण रुपयांचा दुसरा रकाना केला, आणि खाली टीप टाकली की आपल्या देशात एक लाख म्हणजे शंभर हजार, दहा लाख म्हणजे एक मिलियन, वकिलाच्या कागदावरचे 58,50,000 म्हणजे हेच. ही टीप मी तिला शिकवलेली नव्हती. तिला स्वतःला सुचली. आत कळ आली की नाही? आली. ती तर येणारच.

मग आम्ही दोघींनी मिळून सगळी फाइल वाचली. मी मराठी वाचायची, ती इंग्रजी. पान न पान. दुसरी चूक निघाली नाही. मला थोडं वाईट वाटलं. कोळीण बाकड्यावर बसून आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत होती, जशी लिलावात बोली ऐकतात तशी. ती येईपर्यंत मी केलेलं नव्या पत्रकाचं पानही तिनं तपासलं आणि ते तिच्याच पर्समधल्या शिक्क्यानं गेलं, म्हणजे फाइल एकसारखी राहिली. मी केलेलं काम तिच्या सहीखाली. मी दात आवळले.

निघताना ती माझ्या पाया पडली. "मॅडम, तुम्ही माझं पान एवढं बारकाईनं वाचलंत." मी म्हटलं, "हो, सवय आहे." कशी सवय, ते तिला सांगितलं नाही. कोळिणीनं तिला दुरुस्तीचे वेगळे पैसे देऊ केले, तर ती म्हणाली, "काकी, चूक माझी, पैसे कसले?" आणि स्कूटीला किक मारून हळदीला गेली. कोळीण माझ्याकडे वळली. कनवटीला हात घातला. "बाय, तुमचं किती?"

मी हात हलवला. "राहू दे गं. तुझ्याकडून काय घ्यायचे?"

तिचं तोंड उतरलं. ती काहीतरी बोलणार होती, पण घाईत होती, एजंट खारघरला थांबलेला. फाइल घेऊन धावत रिक्षात बसली. साधं 'येते' सुद्धा म्हटलं नाही. मी रात्री नवऱ्याला म्हटलं, "बघ, लोकांचं करावं आणि लोकांनी असं करावं." तो म्हणाला, "पोरीच्या काळजीत असेल." तो नेहमी दुसऱ्यांच्याच बाजूनं असतो.

व्हिसा आला. मला कोर्टातल्या चहावाल्याकडून कळलं. कोळिणीकडून नाही. मग एका सकाळी ती समोर आली. नवीन हिरवी साडी, केसात अबोली. पाटीतून दोन मोठी पापलेटं काढली, चंदेरी, एवढी मोठी, आणि काच ढकलून आत गेली. मी सगळं बघत होते. काचेचं ऑफिस म्हणजे काय, सगळंच दिसतं. माझी विद्यार्थिनी उभी राहिली, पापलेटं हातात घेतली, तिला मिठी मारली. दोघी हसत होत्या. मी टेबलावरचं एक पान टायपिंगला घेतलं आणि पहिल्या ओळीत तीन चुका केल्या.

चूक जिची, पापलेट तिला! आणि जिनं पोर वाचवली तिला? मी इतकी तडफडले की पंखा बंद करून टाकला. उगाच.

मग ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. पाटी रिकामी. बाकड्यावर बसली. "बाय, पोरगी जाते. पुढच्या महिन्यात. येऊन पाया पडंल तुमच्या." मी म्हटलं, "छान झालं." आवाज मला माझाच परका वाटला.

"तुमच्यासाठी मासली आनली नाय," ती म्हणाली.

"दिसलं मला."

तिनं कनवटीतून दीडशे रुपये काढले आणि माझ्या टेबलावर, माझ्या हातापाशी ठेवले. शंभराची एक, पन्नासाची एक. नोटांना मासळीचा वास.

"हे काय?"

"त्या पानाचं. तिचा पानाला दीडशे भाव हाय. तुमचा तेवढाच असंल."

"अगं, मी सांगितलं ना, तुझ्याकडून..."

"म्हनून तर!" ती एकदम मोठ्यानं बोलली. झेरॉक्सला उभा असलेला माणूस वळून बघू लागला. "म्हनून तर तिच्याकडं गेले मी! तुमी पैसं घेत नाय. रेशनकार्डाला ठीक हाय, लाइट बिलाला ठीक हाय, तुमी कागद केलं, मी दोन बांगडं टाकलं. पन पोरीचं काम बांगड्यावर नव्हतं करायाचं मला, बाय. माझी पोर उद्या इचारंल, आई, माझ्या कागदाला तू किती दिलंस, त मला सांगाया पायजे. फुकट केलं, असं नाय सांगायाचं." मग तिचा आवाज खाली आला. "तुमाला इचारलं असतं तर तुमी घेतलं असतं का? नाय घेतलं असतं. मंगलवारी मासली पन नाय घेतली तुमी."

मला वाटलं होतं ती एसीला भुलली. नक्षीला भुलली. इतके दिवस मी त्या काचेकडे बघून जळत होते आणि ही बाई माझ्याच दाराकडे बघून परत फिरली होती.

"आणि पापलेट तिला का?" मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना.

"तिनं दुसऱ्यांदा आलेल्याचं पैसं घेतलं नाय. मग काय देऊ? मासली. तुमाला मासली लय दिली, पैसं कदी नाय, म्हनून तुमाला पैसं." तिला ते इतकं सरळ वाटत होतं की ती माझ्याकडे आश्चर्यानं बघत होती.

मी ड्रॉवर उघडला. पावतीपुस्तक काढलं. इतकी वर्षं तिचे कागद केले, पण पावतीवर तिचं नाव लिहायची वेळ आली नव्हती. नाव, मग मुलीचं नाव, 'पतपेढी खातेपत्रक भाषांतर, एक पान'. आणि खाली, 'अक्षरी रुपये एकशे पन्नास फक्त'. शिक्का मारला, माझा, आणि पावती फाडून तिच्या हातात दिली.

तिनं ती उन्हात धरून बघितली. वाचता येत नव्हतं तिला, पण बघितली. चार घड्या घालून चोळीत ठेवली.

"तिकडं पावती दिली नाय," ती म्हणाली.

देवाशप्पथ सांगते, त्या दोन पापलेटांपेक्षा मला ते वाक्य गोड लागलं.